हाँगकाँगहून सेलूला: एका गेम कन्सोलचे अठ्ठावीस दिवस

2023 च्या दिवाळीआधी आमच्या शेजारच्या पोराने हाँगकाँगच्या एका दुकानातून निन्टेन्डो स्विच मागवला. बुधवारी, 25 ऑक्टोबरला पैसे भरले. दुकानाने सात ते दहा दिवसांत घरपोच असं लिहिलं होतं, म्हणजे वसुबारसेच्या आत खोकं सेलूत यायला हवं होतं. ते आलं 22 नोव्हेंबरला, कार्तिकी एकादशीच्या आदल्या दिवशी. कन्सोल आणि पाठवणीचे मिळून जेवढे रुपये गेले, त्याच्या पाऊणपटीहून जास्त रक्कम वर आणखी भरावी लागली.

मी परभणीत जीएसटी आणि आयकराची कामं करतो. घर सेलूतच असल्याने पोरगा कागद घेऊन माझ्याकडे आला, पण आला तेव्हा बराच उशीर झाला होता. हे प्रकरण तपशिलाने लिहायचं कारण एवढंच, की उशिराचं खापर सगळ्यांनी कस्टमवर फोडलं. दिवस मोजायला बसलो तेव्हा चित्र वेगळं निघालं. कस्टमच्या टेबलावर हे खोकं फार थोडा वेळ होतं. बाकीचे दिवस कागदाने खाल्ले, आणि त्यातले बहुतेक वाचवता आले असते.

आधी मागणीबद्दल. त्या काळात निन्टेन्डो कंपनी स्विच भारतात अधिकृतपणे विकत नव्हती. पुण्या-मुंबईच्या दुकानांत व्यापाऱ्यांनी बाहेरून आणलेला माल मिळायचा, पण याला हवी असलेली आवृत्ती तिथे नव्हती. हाँगकाँगच्या दुकानात ती 300 डॉलरला होती, वर कुरिअरने पाठवणीचे 30 डॉलर. त्याने गुगलवर डॉलरचा भाव पाहिला, गुणाकार केला आणि साडेसत्तावीस हजारांत काम होतंय असं धरलं. बँकेने परदेशी व्यवहाराचा आकार आणि त्यावरचा जीएसटी लावून कार्डावर 28,624 रुपये टाकले. इथपर्यंत त्याला फारसं काही वाटलं नाही. कस्टम ड्युटीचा विचार त्याने केला होता, पण दुकानदाराने चॅटवर त्याला धीर दिला होता की आम्ही पार्सलवर ‘gift’ लिहितो आणि किंमत 80 डॉलर दाखवतो, तुम्हाला काही भरावं लागणार नाही.

सगळं प्रकरण या एका वाक्याने बिघडवलं. परदेशातले बरेच दुकानदार असं लिहितात, कारण त्यांच्या कित्येक गिऱ्हाइकांच्या देशांत छोट्या भेटवस्तूंना सूट असते. आपल्याकडेही एकेकाळी भेट म्हणून आलेल्या वस्तूंना ठरावीक किमतीपर्यंत सवलत होती. पण 12 डिसेंबर 2019 ला परकीय व्यापार महासंचालनालयाने अधिसूचना काढली आणि टपालाने किंवा कुरिअरने भेट म्हणून माल आणण्यालाच बंदी घातली. अपवाद दोनच ठेवले, जीव वाचवणारी औषधं आणि राखी. म्हणजे पार्सलवर ‘gift’ हा शब्द आला की सूट मिळायची गोष्ट दूरच, ज्या मालावर ड्युटी भरून तो रीतसर सोडवता आला असता तोच माल बंदीच्या खात्यात जाऊन पडतो. पोराचं कौतुक एवढंच की त्याने ती चॅट जपून ठेवली होती, म्हणून मला हे कळलं तरी.

शनिवारी, 28 तारखेला खोकं हाँगकाँगहून निघालं आणि मंगळवारी, 31 ऑक्टोबरला मुंबई विमानतळाच्या कुरिअर टर्मिनलवर उतरलं. सहा दिवसांत मुंबई, इथपर्यंत सगळं वेळेत होतं. त्याच संध्याकाळी ट्रॅकिंगवर ओळ आली: `Clearance delay – documents required`. पोराला मेसेजही आला. त्यात एक लिंक होती आणि आधार किंवा पासपोर्ट चढवा असं लिहिलं होतं.

आता त्याच्या वडिलांची बाजू ऐका, कारण ती मला पूर्ण पटते. मागच्याच महिन्यात त्यांच्या ओळखीच्या एका माणसाला ‘तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय’ असा फोन आला होता आणि त्याच्या खात्यातले पैसे गेले होते. त्यांनी पोराला सांगितलं, “कोन्च्याबी लिंकला हात लावायचा नाही. जकात तर कवाच बंद झाली, हे आणखी कशाचे पैसे मागायलेत?” पोराने मेसेज पुसून टाकला. ईमेल आली होती ती स्पॅममध्ये पडली. आणि खोकं मुंबईत तसंच राहिलं.

6 नोव्हेंबरला, सोमवारी, पोरगा माझ्याकडे आला. “काका, सहा दिवस झाले, एकच ओळ दाखवायलंय.” मी त्याला पहिलं काम हे करायला लावलं की लिंक विसर, पावतीवरचा एअरवे बिल नंबर घे, कुरिअर कंपनीची साइट स्वतः टाइप करून उघड आणि तिथे तो नंबर टाक. तिथेही हीच ओळ दिसली आणि शेजारी ओळखपत्र चढवायची खिडकी होती. म्हणजे मागणी खरी. खऱ्या-खोट्याची ही साधी परीक्षा आहे. खरी मागणी कंपनीच्या साइटवर त्याच नंबराखाली दिसतेच, आणि ड्युटी कुणा माणसाच्या यूपीआयवर कधी मागितली जात नाही. कस्टम खात्याचं स्वतःचं पत्र किंवा समन्स असेल तर त्यावर दस्तऐवज ओळख क्रमांक, म्हणजे डीआयएन असतो आणि तो खात्याच्या साइटवर तपासता येतो.

आधार चढवलं. दोन तासांत नामंजूर होऊन परत आलं. कारण बघायला पार्सलच्या पत्त्याचा फोटो मोठा करून पाहिला, तर नावाच्या जागी फक्त पहिलं नाव, आडनावाच्या जागी गेमिंगचं टोपणनाव. दुकानाच्या साइटवर खातं उघडताना त्याने गंमत म्हणून जे टाकलं होतं, तेच एअरवे बिलावर छापून आलं होतं. पत्ता छत्रपती संभाजीनगरच्या होस्टेलचा आणि आधारवर सेलूचा. कुरिअर कंपनी कस्टमसमोर आयातदाराच्या वतीने कागद भरते, म्हणून ज्याच्या नावाने माल आला तोच माणूस ओळखपत्रावर असायला हवा. टोपणनावाचं आधार कुणाकडेच नसतं.

मग मी कुरिअरच्या मुंबईच्या क्लिअरन्स विभागाला त्याच्याकडून ईमेल लिहून घेतली. ती जरा सविस्तर सांगतो, कारण गाडी इथून पुढे सरकली. पहिल्या परिच्छेदात एअरवे बिल नंबर आणि ‘हा माल माझा आहे, पूर्ण नाव असं, मोबाइल आणि ईमेल मागणीतलेच आहेत’ हे. दुसऱ्यात, ही भेट नाही, मी स्वतःच्या वापरासाठी एक नग विकत घेतला आहे. तिसऱ्यात, पार्सलवरची 80 डॉलर ही किंमत चुकीची असून खरी किंमत 300 आणि पाठवणी 30 डॉलर आहे. सोबत आधार, दुकानाचं मूळ इन्व्हॉइस, कार्डाच्या स्टेटमेंटचं ते एक पान आणि वस्तूच्या पानाचा स्क्रीनशॉट. होस्टेलचा पत्ता बदलून सेलूचा करावा, अशी विनंतीही जोडली.

पोराला तिसरा परिच्छेद लिहायची हिंमत होत नव्हती. “काका, ऐंशीच राहू द्या की. त्येनला काय कळणाराय?” मी त्याला थांबवलं. स्विचची किंमत अधिकाऱ्याला माहीत असते, नसली तर तो एका मिनिटात पाहतो. जाहीर केलेल्या किमतीवर वाजवी शंका आली तर ती नाकारायचा अधिकार 2007 च्या मूल्यांकन नियमांत त्याला आहे. आणि मुख्य मुद्दा वेळेचा होता. कुरिअरने अजून बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाची माहिती जाहीर करणारा कस्टमचा कागद, भरलं नव्हतं. ते भरलं जाईपर्यंत पार्सलवरचा मजकूर ही दुकानदाराची चूक असते. एकदा ते 80 डॉलर आणि ‘gift’ असं भरलं गेलं की ती आयातदाराची जाहीर केलेली माहिती होते, मग माल जप्त होणं, दंड भरून सोडवणं हे सगळं कायद्यात बसतं. केवायसी अडल्यामुळे सहा दिवस गेले हे खरं, पण त्याच अडचणीने त्याला चूक दुरुस्त करायची संधी मिळाली.

7 नोव्हेंबरला उत्तर आलं की कागद मिळाले, दुरुस्त माहितीवर भरतो. 9 ला त्यांनी आणखी एक खुलासा मागवला, इन्व्हॉइसवरचं आणि कार्ड स्टेटमेंटवरचं दुकानाचं नाव वेगळं का दिसतं. दुकानाचे पैसे दुसऱ्या नावाने जमा होतात, हे दाखवणारी दुकानाची ईमेल पाठवली. तोवर दिवाळी आली. 12 ला लक्ष्मीपूजन, 14 ला पाडवा, 15 ला भाऊबीज. या सुट्ट्यांचे दिवस कुणाच्याच माथी मारता येत नाहीत. 16 ला बिल ऑफ एंट्री भरलं गेलं, 17 ला, शुक्रवारी, ड्युटीचा आकडा आला: 21,641 रुपये.

आकडा पाहून घरात सन्नाटा पसरला. वडिलांचं म्हणणं, तीनशे डॉलरच्या वस्तूवर एवढा कर असूच शकत नाही, कुणीतरी मधे खायलंय. म्हणून मी त्यांच्यासमोर वहीत हिशेब मांडला.

ड्युटी नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही. वस्तू, पाठवणी आणि विमा मिळून जी रक्कम होते ती धरतात. विम्याचा आकडा कागदावर नसेल तर नियमाने वस्तूच्या किमतीच्या 1.125 टक्के धरला जातो. म्हणजे 300 अधिक 30 अधिक 3.375, एकूण 333.375 डॉलर. डॉलरचा भाव गुगलचा नाही, बँकेचाही नाही, तर कस्टम खात्याने आयातीसाठी जाहीर केलेला, आणि तोही बिल ऑफ एंट्री भरलं त्या दिवशी लागू असलेला. तो 84 रुपये धरला तर करपात्र मूल्य 28,004 रुपये. यावर मूळ सीमाशुल्क 35 टक्के, 9,801. त्या शुल्कावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, 980. आता मूल्य आणि ही दोन्ही शुल्कं यांची बेरीज 38,785, आणि आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, लागतो तो या बेरजेवर, मूळ मूल्यावर नाही. 28 टक्क्यांनी 10,860. तिन्ही मिळून 21,641. रुपयाला रुपया जुळला. करावर कर चढत गेल्याने 35 आणि 28 ची साधी बेरीज 63 होत असली तरी प्रत्यक्षात भार 77.28 टक्के पडतो. वडील गप्प झाले, पण वही त्यांनी मागून घेतली आणि बेरीज स्वतः पुन्हा केली.

पोराने मात्र नेमका प्रश्न विचारला. त्याने कुठेतरी पाहिलं होतं की गेम कन्सोलवर मूळ शुल्क 20 टक्के आहे, मग मला 35 का? प्रश्न बरोबर होता. शुल्काच्या यादीत व्हिडिओ गेम कन्सोलला स्वतःचा क्रमांक आहे, 9504 50 00, आणि तिथे तेव्हा 20 टक्के होते. त्या दराने हिशेब केला तर ड्युटी 15,727 येते, म्हणजे जवळपास 5,900 रुपये कमी. पण त्याच्या बिलावर शीर्ष होतं 9804, स्वतःच्या वापरासाठी टपालाने किंवा विमानाने आलेल्या वस्तूंचं. इथे वस्तू कोणती हे पाहत नाहीत, ती कशासाठी आली हे पाहतात. त्यामुळे हेडफोन असो की कन्सोल, दर एकच.

मी क्लिअरन्स विभागाला फोन करून विचारलं की 9504 मध्ये भरता येईल का. तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं. त्या क्रमांकात भरलं की माल सर्वसाधारण आयात ठरतो, आणि व्हिडिओ गेम हा प्रकार 2012 च्या आदेशापासून बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीच्या यादीत आहे. नोंदणी क्रमांक मागितला जाईल. तो उत्पादकाकडे असतो, एक नग मागवणाऱ्या मुलाकडे कुठून येणार? वैयक्तिक वापराच्या शीर्षाचा दर चढा आहे, पण तिथे परवान्याच्या अटी आड येत नाहीत म्हणून माल सुटतो. मला हे उत्तर पटलं. 5,900 वाचवायला जाऊन खोकं आणखी महिनाभर अडकवून घेण्यात अर्थ नव्हता. तिथे पडून राहण्यालाही मर्यादा आहे. माल उतरल्यापासून तीस दिवसांत सोडवला नाही, तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम 48 खाली तो विकून टाकता येतो. आपला अठरावा दिवस चालू होता.

ड्युटीशिवाय कुरिअरने आपल्या सेवेचे जीएसटीसह 826 रुपये लावले, आणि फुकट ठेवायची मुदत संपल्यानंतरचं टर्मिनलचं भाडं 590. हे 590 रुपये मला जास्त टोचले, कारण ते निव्वळ न वाचलेल्या ईमेलचे होते. सगळं धरून स्विच पडला 51,681 रुपयांना.

17 लाच कंपनीच्या साइटवरून पैसे भरले. 18 ला माल सुटला. तिथून सेलूला यायला चार दिवस लागले, कारण त्या कुरिअरची स्वतःची गाडी संभाजीनगरपर्यंतच येते आणि पुढे तालुक्याला दुसऱ्या वाहतूकदाराकडे माल सोपवतात. या हस्तांतरात ट्रॅकिंग नंबर बदलतो आणि जुन्या नंबरावर काहीच हलताना दिसत नाही. पोरगा दोन दिवस पुन्हा घाबरला. नवा नंबर कंपनीला फोन करून मागावा लागला. हा शेवटचा टप्पा आपल्याकडे तालुक्याच्या गावी बहुतेक वेळा असाच जातो, आणि माझ्या मते पत्ता संभाजीनगर किंवा परभणीचा देऊन स्वतः जाऊन आणणं बरं, फक्त तो पत्ता देताना तिथे ओळखपत्र दाखवून माल घेईल असं माणूस हवं.

दिवसांची विभागणी आता स्पष्ट दिसते. हाँगकाँग ते मुंबई सहा दिवस. दुर्लक्षिलेल्या मेसेजचे सहा. नाव, ‘gift’, किंमत यांच्या दुरुस्तीचे आणि खुलाशाचे मिळून सुट्ट्यांसह दहा. कस्टमची तपासणी, भरणा आणि सोडवणूक दोन. मुंबई ते सेलू चार.

खोकं उघडलं तेव्हा मी होतो. चार्जरची पिन हाँगकाँगची, तीन चौकोनी पात्यांची, आपल्या भिंतीत न बसणारी. चार्जरवर 100-240V लिहिलेलं होतं, म्हणून शंभर रुपयांच्या कन्व्हर्टर पिनवर भागलं. खोक्यासोबत कुरिअरने बिल ऑफ एंट्रीची प्रत दिली नव्हती. ती ईमेलवर मागून घ्यायला लावली, कारण ड्युटी भरल्याचा पुरावा तोच एक कागद आहे आणि पुढेमागे वस्तू विकायची झाली तर घेणारा तोच मागतो.

आता हे आकडे तसेच्या तसे कुणी वापरू नयेत. 2025 च्या अर्थसंकल्पात 35 टक्क्यांचा टप्पाच काढून टाकला आणि वैयक्तिक आयातीचा मूळ दर 20 वर आणला. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीच्या टप्प्यांची रचनाही बदलली. मागणी नोंदवायच्या दिवशी 9804 चा मूळ दर, अधिभार आणि आयजीएसटी हे तीन आकडे सीबीआयसी या केंद्रीय कस्टम मंडळाच्या साइटवर पाहायचे आणि वरच्याच क्रमाने मांडायचे. क्रम बदललेला नाही.

परवा तोच पोरगा पुन्हा आला होता. त्याला आता वेगळ्या दुकानातून कंट्रोलर मागवायचा आहे. यावेळी त्याने खात्यावरचं नाव आधी बदललं, आधारवर आहे तसंच, वडिलांच्या नावासकट. आणि दुकानदारासाठीच्या रकान्यात मला दाखवून हे लिहिलं:

```
Please declare the actual price. Not a gift.
Put the full invoice outside the box.
```

वडिलांनी वही काढली होती. भाव विचारला आणि बेरीज करायला बसले.